तो आकडा मीच चुकीचा टाकला, सरांना कसं सांगू?

ताई, मी मूळची कुडाळची. वेर्ण्याला एका औषध कंपनीत क्यूसीमध्ये अ‍ॅनॅलिस्ट आहे. गेल्या महिन्यात वर्किंग स्टँडर्डचा नवा लॉट आला. सर्टिफिकेटवर पोटेन्सी 99.6 टक्के, ऑन अ‍ॅनहायड्रस बेसिस, आणि पाणी 3.8 टक्के. जुन्या लॉटवर अ‍ॅज-इज आकडा असायचा, त्या सवयीने मी 99.6 तसाच शीटमध्ये टाकला. त्यावर तीन बॅचचे अ‍ॅसे गेले: 101.4, 100.9 आणि 98.6. रिव्ह्यू झाला, बॅचेस रिलीज झाल्या. सोमवारी तेच स्टँडर्ड पुन्हा वजन करताना लक्षात आलं. कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं तर तिसरी बॅच 94.9 येते आणि आमची मर्यादा 95.0 ते 105.0 आहे. नेमकी तीच अमेरिकेला रवाना झाली आहे. बाकीच्या दोन गोदामात आहेत. सोबतचा म्हणतो, पुढच्या वेळेपासून नीट टाक, मागे जाऊन कोण बघतं? आमचे मॅनेजर तापट आहेत. दोन दिवस झाले, झोप नाही. सांगायचं ठरवलं तरी सुरुवात कशी करू?
— नाव नको, वेर्णा

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी आपण फोनवर बोललो आणि उद्या शिफ्ट सुरू होताच सांग, असं मी तुला म्हटलं. जे बोललो ते तुझ्या संमतीने इथे मांडते आहे, कारण प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बऱ्याच जणांच्या गळ्याशी हाच प्रश्न अडकलेला असतो.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. गोळीत औषध किती आहे, म्हणजेच तिचा अ‍ॅसे, हे थेट मोजता येत नाही. ज्याची शुद्धता माहीत आहे असा नमुना, म्हणजे स्टँडर्ड, आणि गोळीचा नमुना हे दोन्ही एचपीएलसीवर चालवून तुलना करावी लागते. स्टँडर्ड 99.6 टक्के शुद्ध आहे, पण ते पाणी वगळून. आपण वजन करतो ती पावडर मात्र पाण्यासकट असते. म्हणून खरा आकडा 99.6 ला 0.962 ने गुणून येतो, साधारण 95.8. किराणा दुकानातलं किलोचं माप मुळात 962 ग्रॅमचंच असेल तर त्यावर तोललेला प्रत्येक माल असतो त्यापेक्षा जास्त भरतो. तुझ्या तिन्ही बॅचेस तशाच जास्त भरल्या.

आता तुझेच आकडे पुन्हा बघ. पहिली बॅच 101.4 ची 97.5 होते, दुसरी 100.9 ची 97.1. फोनवर तू सांगितलंस की हे प्रॉडक्ट एरवी 97-98 च्या आसपास येतं. म्हणजे पहिल्या दोन बॅचेस व्यवस्थित आहेत, त्यांचे आकडे मात्र विचित्र दिसत होते. तिसरी 98.6, अगदी नेहमीसारखी दिसणारी, तीच खरी कमी भरलेली आहे. तू बरोबर आकडा टाकला असतास तर ती त्याच दिवशी ओओएस, म्हणजे मर्यादेबाहेर, म्हणून अडली असती आणि तिचं उत्पादन तपासलं गेलं असतं. सरांपर्यंत पोचायला हवं ते हेच. शीटमध्ये एक आकडा चुकला एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही. त्या आकड्याने एका बॅचमधला दुसराच दोष झाकला आहे, आणि तो कुठून आला हे अजून कोणी शोधायलाही घेतलेलं नाही.

सोबत्याच्या सल्ल्याबद्दल. पुढच्या बॅचला 95.8 टाकलंस की त्याच लॉटच्या स्टँडर्डवर दोन वेगवेगळ्या पोटेन्सी नोंदल्या जातील, एक तारीख उलटल्यावर बदललेली. रजिस्टर चाळणाऱ्या ऑडिटरला असा सांधा लगेच दिसतो, आणि मग प्रश्न आकड्याचा राहत नाही. कोणाला कधी कळलं आणि त्याने काय केलं, हे विचारलं जातं. दुसरी वाट तू पत्रात लिहिली नाहीस, पण मनात आली असेल: शिल्लक नमुना गुपचूप पुन्हा चालवून पाहायचा, 95 च्या वर आला तर विषय संपवायचा. तसं अजिबात करू नकोस. सॉफ्टवेअरच्या ऑडिट ट्रेलमध्ये प्रत्येक इंजेक्शन, प्रत्येक रीप्रोसेसिंग तुझ्या लॉगिनसकट राहतं. आणि पास होईपर्यंत टेस्ट करत राहणं चालणार नाही, हे अमेरिकेच्या न्यायालयाने 1993 मध्येच बार लॅबोरेटरीजच्या खटल्यात स्पष्ट केलेलं आहे. आज तुझ्या हातून झाली आहे ती चूक आहे. यातलं काहीही केलंस तर तिला डेटा फेरफार म्हणतील, आणि त्या दोन्हींना मिळणारी वागणूक सारखी नसते.

घाई का, तेही समजून घे. अमेरिकेत मंजूर असलेल्या औषधाची बाजारात गेलेली बॅच स्पेसिफिकेशनमध्ये बसत नाही अशी माहिती मिळाली, की कंपनीला 3 कामकाजाच्या दिवसांत तिथल्या एफडीएला फील्ड अलर्ट द्यावा लागतो. खात्री होईपर्यंत थांबायची मुभा त्यात नाही. ते ठरवणं रेग्युलेटरी आणि क्यूए, म्हणजे गुणवत्तेची हमी देणारा विभाग, यांचं काम, तुझं नव्हे. पण तू गप्प बसून घालवलेला प्रत्येक दिवस त्यांच्या हातातून जातो. शिवाय माल जहाजात असणं, तिकडच्या गोदामात असणं आणि रुग्णाच्या हातात असणं, यात फार फरक आहे. पहिल्या दोन अवस्थांत एका फोनवर तो थांबवता येतो.

सांगायला जाण्याआधी पंधरा-वीस मिनिटं तयारीला घे, त्याहून जास्त नको. स्टँडर्डचा लॉट नंबर आणि त्याचं सर्टिफिकेट, तिन्ही बॅचचे नंबर, विश्लेषणाच्या तारखा, वर्कशीटचे क्रमांक एवढं एका कागदावर असू दे. कॅल्क्युलेटरवर जे गणित केलंस ते कुठे लिहिलं असशील तर तो कागद फाडू नकोस, सोबत ने. आणि तो आकडा सांगताना अंदाज म्हणूनच सांग. अधिकृत रीकॅल्क्युलेशन क्यूएच्या मंजुरीने, दुसऱ्या माणसाच्या तपासणीसह व्हायला हवं. सिस्टीममध्ये आपल्या लॉगिनने आधीच काही बदलून ठेवू नकोस, हेतू कितीही चांगला असला तरी.

अंदाज म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. 3.8 टक्के पाणी हे सर्टिफिकेट बनलं त्या दिवशीचं आहे. बाटली त्यानंतर किती वेळा उघडली? तेही कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात. ओलावा शोषणारी पावडर असेल तर आज तिच्यात साडेचार टक्के पाणीही असू शकतं. तसं असेल तर तिसरी बॅच 94.9 नव्हे, 94.2 च्या जवळ जाते. म्हणून "फक्त 0.1 ने कमी आहे" हे वाक्य तुझ्या तोंडून येऊ देऊ नकोस. कार्ल फिशरवर आज पाणी मोजल्याशिवाय तो 0.1 कोणालाच माहीत नाही, आणि आजचं मोजमापही विश्लेषणाच्या दिवशीचं पाणी नेमकं सांगेलच असं नाही. रुग्णाला किती फरक पडेल, हेही तू ठरवायचं नाहीस. त्यासाठी कंपनीत वैद्यकीय मूल्यमापन करणारी माणसं असतात.

आता प्रत्यक्ष सांगणं. आधी तोंडी, केबिनमध्ये, दार लावून. मेल त्यानंतर अर्ध्या तासात. तापट माणसाला अशी बातमी आधी मेलवर मिळाली की तो वाचता वाचताच तापतो आणि समोर उत्तर द्यायला कोणी नसतं. सुरुवातीला "सर, जरा बोलायचं होतं, एक छोटा प्रॉब्लेम झालाय" असं म्हणू नकोस, कारण प्रॉब्लेम छोटा नाही आणि दोन मिनिटांनी त्यांना ते कळणारच आहे. पहिल्याच वाक्यात बॅच येऊ दे: "सर, अमेरिकेला गेलेल्या बॅचचा अ‍ॅसे माझ्या चुकीमुळे जास्त रिपोर्ट झाला आहे. माझ्या अंदाजाने तो 95 च्या खाली येतो. गोदामातल्या दोन बॅचेस आत्ता होल्ड करायला हव्यात." इथे थांब. ते ओरडले तर ओरडू दे, मध्ये खुलासा घालू नकोस. ओरडून झालं की त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक "आणखी कुठे वापरलंय हे स्टँडर्ड?" हाच असेल. त्याचं उत्तर तयार असेल तर संभाषण तिथून कामाकडे वळतं.

त्या उत्तराला मी सर्वात जास्त महत्त्व देते. परिणाम सांगताना लोक फक्त आपल्या तीन बॅचेस सांगतात आणि चार दिवसांनी चौकशीत बाकीचं निघत राहतं. हाच लॉट डिझोल्युशनला वापरला होता का? तिथेही आकडे त्याच प्रमाणात फुगलेले असतील, म्हणजे कमी विरघळणारी गोळी पास दिसली असेल. स्टॅबिलिटीच्या नमुन्यांना वापरला होता का? हे तर हमखास विसरलं जातं. तिथे औषध काळानुसार कमी होतंय का हेच बघायचं असतं, आणि जवळजवळ चार टक्क्यांची खोटी वाढ ती घसरण झाकून टाकते. अशुद्धी याच स्टँडर्डवर मोजल्या असतील तर त्या असतात त्यापेक्षा जास्त दिसल्या असतील. त्यामुळे तिथे काही लपलेलं असण्याची भीती नाही, पण आकडे चुकीचेच आहेत आणि तेही सांगायला हवं. शेवटचं म्हणजे, हा लॉट तुझ्याशिवाय आणखी कोणी वापरला? स्टँडर्डच्या वापर-नोंदवहीत नावं आणि तारखा मिळतील. त्यांनी कोणता आकडा टाकला हे तू त्यांना जाऊन विचारत बसू नकोस, फक्त नोंदी आहेत एवढं सांग. अमेरिकन नियमातही चौकशी त्याच चुकीच्या कक्षेत येऊ शकणाऱ्या इतर बॅचेस आणि इतर प्रॉडक्ट्सपर्यंत नेणं बंधनकारक आहे.

मेल तुमच्याकडे इंग्रजीत जाईल, पण मजकूर असा असावा:

"आज सकाळी आपल्याला तोंडी सांगितलेल्या घटनेची ही लेखी नोंद. अमुक लॉटच्या वर्किंग स्टँडर्डची पोटेन्सी (99.6 टक्के, ऑन अ‍ॅनहायड्रस बेसिस) मी पाण्याची दुरुस्ती न करता गणनेत वापरली. त्यामुळे खालील तीन बॅचचे अ‍ॅसे जास्त रिपोर्ट झाले. सर्टिफिकेटवरचं 3.8 टक्के पाणी धरून माझा अंदाज: 101.4 ऐवजी 97.5, 100.9 ऐवजी 97.1, 98.6 ऐवजी 94.9. शेवटची बॅच मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता असून ती रवाना झाली आहे. हे अंदाज पडताळलेले नाहीत. विश्लेषणाच्या वेळी स्टँडर्डमध्ये प्रत्यक्ष किती पाणी होतं हे माहीत नाही. चूक माझ्या लक्षात सोमवारी आली, मी ती आज बुधवारी कळवत आहे. हा लॉट डिझोल्युशन आणि स्टॅबिलिटीसाठीही वापरल्याच्या नोंदी आहेत, यादी सोबत. आज सकाळपासून मी या लॉटचा वापर थांबवला आहे. माझ्याकडचं चालू विश्लेषणही थांबवलं असून वर्कशीटवर तशी नोंद केली आहे. आपल्याकडून हवं आहे: गोदामातल्या दोन बॅचेस होल्ड करण्यासाठी आणि रवाना बॅचच्या निर्णयासाठी क्यूएला सूचना, डेव्हिएशन उघडण्याची परवानगी, आणि स्टँडर्डच्या पाण्याची आजच तपासणी."

यातलं सोमवार-बुधवारचं वाक्य तुला सर्वात जड जाईल. तरी ते ठेव. वगळलंस तर चौकशीत "कधी कळलं?" हा प्रश्न येणारच, आणि तेव्हा दिलेलं तेच उत्तर कबुलीसारखं वाटेल. दोन दिवस उशीर का झाला हे मेलमध्ये लिहू नकोस, तोंडी विचारलं तर सांग: घाबरले होते. आणखी एक बघ. मी "थांबवलं आहे" आणि "हवं आहे" हे वेगळं ठेवलंय. बॅच होल्ड करणं तुझ्या अधिकारात नाही, त्यामुळे होल्ड झाली असं लिहू नकोस, जरी गोदामातल्या ओळखीच्या माणसाने "ठीक आहे, नाही पाठवत" म्हटलं असलं तरी. सिस्टीममध्ये स्टेटस बदलत नाही तोवर ती बॅच कोणीही ट्रकमध्ये चढवू शकतो.

रिव्ह्यू करणाऱ्याचं नाव मेलमध्ये नको. वर्कशीटवर त्याची सही आहेच, क्यूए त्याच्याकडे जाईलच. त्याला मात्र मेल पाठवण्याआधी पाच मिनिटं भेटून सांग, म्हणजे त्याला बाहेरून कळणार नाही. परवानगी मात्र मागू नकोस, नाहीतर तो "आपण दोघं मिळून बघू" म्हणेल आणि आणखी एक दिवस जाईल. सल्ला देणाऱ्या सोबत्याचा उल्लेख कुठेच करायची गरज नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून काय, हा भाग मेलमध्ये दोन वाक्यांपुरता ठेव, पण त्यावर विचार करून जा. "मी यापुढे अधिक काळजी घेईन" आणि "रिट्रेनिंग करावं" ही दोन उत्तरं कापा, म्हणजे चूक सुधारून ती पुन्हा टाळण्याच्या उपायांच्या, फॉर्मवर इतक्यांदा लिहिली जातात की ती वाचली जात नाहीत, आणि वाचली जाऊ नयेतच. तू निष्काळजी होतीस म्हणून हे झालं नाही. एका लॉटवर अ‍ॅज-इज आकडा होता, पुढच्यावर अ‍ॅनहायड्रस, आणि शीटमध्ये पोटेन्सीचा रकाना एकच. तिथे उद्या दुसरं कोणीही हेच करेल. म्हणून सुचवायचंच असेल तर शीट बदलायला सुचव: पाण्याचा रकाना सक्तीचा, तो रिकामा असेल तर गणना पुढेच जाणार नाही, सूत्र लॉक केलेलं. किंवा त्याहून सोपं, बाटलीच्या लेबलवर क्यूसीने काढलेला अ‍ॅज-इज आकडा एकच छापायचा, म्हणजे अ‍ॅनॅलिस्टला निवड करायलाच लागणार नाही. मला दुसरा उपाय जास्त पटतो, पण तो ओलावा न शोषणाऱ्या पदार्थांपुरताच पुरतो. ज्यांचं पाणी बाटली उघडताच बदलतं त्यांचं पाणी वापराच्या दिवशीच मोजावं लागतं, किंवा एका वापरापुरत्या छोट्या बाटल्या भरून ठेवाव्या लागतात. नेहमी 97-98 येणारं प्रॉडक्ट नवा लॉट येताच लागोपाठ दोनदा 101 च्या आसपास जातं, तेव्हा रिव्ह्यूमध्ये कोणीतरी थांबायला हवं होतं. आकडा मर्यादेत आहे एवढंच बघितलं गेलं. मागच्या दहा बॅचचा आलेख रिव्ह्यूअरच्या समोर ठेवला तर ही उडी नजरेतून सुटत नाही. हे मात्र तू स्वतःच्या मेलमध्ये लिहू नकोस, ते बोट दाखवल्यासारखं वाचलं जाईल. चौकशीच्या बैठकीत विचारतील तेव्हा सांग.

तुझं काय होईल हे मी खात्रीने सांगू शकत नाही, आणि काहीच होणार नाही असंही म्हणणार नाही. बहुधा काही आठवडे तुला रिलीज टेस्टिंगवरून बाजूला काढतील, पुन्हा क्वालिफाय व्हायला लावतील, लेखी ताकीद मिळेल, यंदाच्या अप्रेझलवर परिणाम होईल. बॅच परत मागवावी लागली तर कंपनीचा खर्च मोठा असतो आणि त्याचा राग कुठेतरी निघतो. क्यूएमध्ये इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं आहे, की स्वतः येऊन सांगणाऱ्या अ‍ॅनॅलिस्टला धडपणे चालणाऱ्या कंपन्या सहसा गमावत नाहीत. तुझी कंपनी तशी आहे का, हे पुढच्या पंधरा दिवसांत तुला कळेल.

आणि मॅनेजरच म्हणाले की "राहू दे, मी बघतो, कोणाला सांगू नकोस", तर? तेव्हा तिथे वाद घालू नकोस. "ठीक आहे सर, लेखी नोंद मी आपल्याला पाठवते" म्हण आणि वरचा मेल तसाच पाठव. दिवसअखेर डेव्हिएशन नंबर, म्हणजे चुकीची अधिकृत नोंद उघडल्याचा क्रमांक, मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मेल क्यूए प्रमुखांना पाठव, मॅनेजरना कॉपीत ठेवून, "कालच्या मेलसंदर्भात डेव्हिएशन नंबर कळवावा" एवढ्याच ओळीसह. क्यूए तुमच्या मॅनेजरच्या हाताखाली नसतं, ते याचसाठी. कागदांचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवणं किंवा घरच्या मेलवर पाठवणं टाळ, तो स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. कंपनीच्या मेलबॉक्समध्ये तारखेसह पडलेला तुझा मेल पुरेसा आहे. नंबर आला की तिन्ही वर्कशीटवर तो नोंदला गेला का, एवढं क्यूएकडून एकदा विचारून घे.